त्रिकोणातला आकडा पदार्थाचे नाव सांगतो, लायकी नव्हे

माननीय संपादक यांस,
सविनय नमस्कार.

आपल्या पुरवणीत प्लास्टिकच्या चार भांड्यांच्या तळांची छायाचित्रे छापून आली होती आणि त्यांखाली त्रिकोणातल्या आकड्यांचा अर्थ दिला होता. छायाचित्रे इतकी स्वच्छ होती की तळावरची बारीक नक्षीसुद्धा वाचता येत होती, पण त्यांखालच्या मजकुरात दोन समजुती गृहीत धरल्या होत्या. एक, बाणांचा त्रिकोण म्हणजे ती वस्तू पुनर्प्रक्रियेला जाणारच. आणि दुसरी, आकडा जसजसा वाढतो तसतसे प्लास्टिक हलक्या दर्जाचे होत जाते. दोन्ही चूक आहेत. प्लास्टिकचे साचे आणि दाणा यांच्या संगतीत माझी सारी नोकरी झाल्यामुळे याविषयी थोडे सविस्तर लिहिण्याची परवानगी घेतो.

हे आकडे १९८८ साली अमेरिकेतील प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेने आणले. त्यामागचा हेतू मर्यादित होता. भंगारातून आलेला माल हाताने निवडणाऱ्याला, वस्तू कोणत्या पदार्थाची आहे हे तळ उलटा करून कळावे, एवढाच. १ म्हणजे पीईटी, ज्याला सगळे ‘पेट’ म्हणतात, २ म्हणजे एचडीपीई, ३ पीव्हीसी, ४ एलडीपीई, ५ पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे पीपी, ६ पॉलिस्टायरीन, आणि ७ म्हणजे या सहांत न बसणारे सर्व काही. यात चढउतार नाही, गुणांकन नाही, आणि भांडे किती वेळा वापरावे याची सूचना तर मुळीच नाही. सातव्या क्रमांकाखाली पॉलिकार्बोनेट येते, नायलॉन येते, वनस्पतिजन्य पीएलए येते आणि एकमेकांना चिकटवलेले अनेक थरही येतात. त्यामुळे आपल्या चौथ्या छायाचित्राखाली छापलेले ‘सात, सर्वांत निकृष्ट’ हे वाक्य ज्या भांड्याविषयी आहे, त्याविषयी आकड्यावरून आपल्याला प्रत्यक्षात काहीच कळलेले नाही.

गोंधळ झाला तो एकामागून एक फिरणाऱ्या बाणांमुळे. तशाच घाटाचे पुनर्प्रक्रियेचे चिन्ह १९७० पासून प्रचारात होते आणि लोकांनी साहजिकच दोन्ही एकच मानली. पुढे हे संकेत एएसटीएम या मानक संस्थेकडे गेले आणि २०१३ मध्ये तिने बाण काढून साधा, बंद त्रिकोण ठरवला. तरीही आजच्या छायाचित्रांत दोन्ही दिसतात, कारण पोलादी साच्यावर कोरलेली खूण खोडून नवी कोरण्यास खर्च येतो आणि साचा वर्षानुवर्षे चालतो. बाण दिसले तर खूण जुन्या पद्धतीची आहे एवढाच निष्कर्ष काढावा.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. आपल्या पहिल्या दोन छायाचित्रांत एक पारदर्शक बाटली आणि एक झाकणाचा पारदर्शक डबा आहे, आणि दोन्हींवर १ आहे. मजकुरात म्हटले आहे की दोन्ही एकाच ढिगात टाकाव्यात. आकडा तसे सांगतो खरा, पण छायाचित्रे काही वेगळेच सांगतात.

बाटलीच्या तळाच्या नेमक्या मध्यावर एक छोटा ठिपका उठून दिसतो. ही बाटली आधी जाड, चाचणीनळीसारख्या आकारात ओतली जाते. त्या ओतकामात वितळलेला माल जिथून आत शिरला त्याची ती खूण. नंतर ही नळी तापवून, लांबीत आणि रुंदीत ताणून, हवेने फुगवतात. ताणले गेल्यामुळे पेटचे रेणू ओळीने लागतात आणि भिंत पातळ असूनही चिवट होते. अशी बाटली दळली की तुकडे बऱ्यापैकी एकसारखे निघतात. डब्याच्या तळावर मात्र असा ठिपका नाही. तो पेटच्या पत्र्यावरून, म्हणजे पत्रा तापवून साच्यावर ओढून, बनवलेला आहे. कोपऱ्यांपाशी भिंत पातळ होत गेलेली छायाचित्रातही दिसते. या पत्र्याला बाटलीइतका ताण मिळालेला नसतो, त्यामुळे तो दळताना जास्त ठिसूळपणे फुटतो आणि भुकटी अधिक पडते. ही भुकटी धुलाईच्या पाण्यातून निघून जाते किंवा गाळणीत अडकते, आणि हातात येणारा माल घटतो.

एवढ्यावर थांबले असते तर चालले असते. पण असे डबे कधी कधी पेटच्या पत्र्याला आतून पॉलिथिलीनचा पातळ थर देऊन करतात, म्हणजे वरची फिल्म उष्णतेने चिकटावी म्हणून, आणि काही वेळा पेटऐवजी पीईटीजी या त्याच्या चुलतभावाचे करतात. दोन्हींवर १ कोरलेला सापडतो. पेटचा चुरा वितळवण्याआधी त्यातला ओलावा काढण्यासाठी त्याला सुमारे १६० अंश सेल्सिअसवर कित्येक तास सुकवावे लागते, कारण ओलावा राहिला तर वितळताना त्याच्या रेणूसाखळ्या तुटतात. पीईटीजी साधारण ८० अंशांनंतर मऊ पडू लागते. त्यामुळे सुकवणीत ते चिकट होते, आजूबाजूचा चांगला चुरा पकडून गोळे बांधते आणि गोळे पुढे यंत्राचा मार्ग अडवतात. सुकवणीच्या भांड्यातून असे गोळे सळईने फोडताना मी पाहिले आहेत, आणि आत कोणता तुकडा चिकटून होता ते ओळखणे तेव्हा अशक्य झालेले असते. म्हणून अनेक प्रक्रियाकेंद्रे बाटल्या घेतात आणि त्याच आकड्याचे डबे बाजूला काढतात. यात अन्याय नाही, फक्त आकड्यात ही माहिती मावत नाही.

तिसऱ्या क्रमांकाचा, म्हणजे पीव्हीसीचा, मुद्दा याहून कडक आहे. पीव्हीसी आणि पेट दोन्ही पाण्याहून जड. दोघांची घनता १.३ ते १.४ च्या पट्ट्यात एकमेकांवर येते, म्हणून पाण्याच्या टाकीत तरंगवून ती वेगळी होत नाहीत. पेट सुमारे २५० अंशांना वितळते आणि त्याहून वरच्या तापमानाला त्याचा दाणा बनतो. त्या उष्णतेत पीव्हीसी टिकत नाही. त्यातून हायड्रोजन क्लोराइड सुटतो, तो पेटच्या साखळ्या तोडतो, माल पिवळसर होतो आणि त्यात काळे ठिपके पडतात. एका टनात शंभर ग्रॅम पीव्हीसीसुद्धा, म्हणजे मोजक्या चार-पाच बाटल्या, नुकसान दाखवण्यास पुरेशा ठरू शकतात. छायाचित्रातून याची खूण शोधायची असल्यास पुन्हा तळच पाहावा. पीव्हीसीची बाटली मऊ नळी साच्यात दाबून फुगवलेली असते, म्हणून तळावर ठिपक्याऐवजी एक सरळ रेघ येते. पारदर्शक बाटलीवर ठिपका असेल तर पेट, रेघ असेल तर शंका, असा हा ठोकताळा आहे. तो पुरावा नव्हे.

आकडा एक आणि व्यवहार दोन, असा प्रकार दुसऱ्या क्रमांकातही होतो. एचडीपीईची फुगवून केलेली बाटली आणि ओतून केलेली बादली किंवा टब, दोन्ही २. पण फुगवण्याच्या मालाला जाड, सावकाश वाहणारे प्लास्टिक लागते, नाहीतर साच्यात शिरण्याआधीच मऊ नळी स्वतःच्या वजनाने लोंबते आणि बाटलीची वरची भिंत पातळ राहते. ओतकामाला उलट झपाझप वाहणारा माल हवा असतो. दोन्ही एकत्र दळले तर मधलाच कसलातरी दाणा निघतो, जो बाटलीसाठी सैल आणि बारीक साच्यासाठी सुस्त. त्याचे पाइप किंवा जाड पाट्या होतात, बाटली सहसा होत नाही.

उरलेल्या आकड्यांबाबत थोडक्यात. ५ आणि २ पाण्यावर तरंगतात, ६ बुडतो, म्हणून टाकीत निदान हे काम सोपे होते. काळ्या रंगाच्या भांड्यांवर आकडा कितीही ठळक असला तरी यांत्रिक वर्गीकरणात तो निरुपयोगी ठरतो, कारण ही यंत्रे आकडा वाचतच नाहीत. ती अवरक्त किरणांच्या परावर्तनावरून पदार्थ ओळखतात आणि काजळीचा काळा रंग ते किरण गिळून टाकतो.

छायाचित्रावरून आकडा वाचताना होणाऱ्या चुकांविषयीही लिहिले पाहिजे, कारण आपल्या तिसऱ्या छायाचित्रात तीच झाली आहे. त्या पांढऱ्या टबावर ‘१२’ असे वाचून ते अज्ञात प्लास्टिक म्हटले आहे. नीट पाहिल्यास १२ हा त्रिकोणाच्या बाहेर आहे. एका साच्यात अनेक पोकळ्या असतात आणि एखादी वस्तू सदोष निघाली तर कोणत्या पोकळीतून निघाली हे कळावे म्हणून प्रत्येकीला क्रमांक देतात. १२ हा तो क्रमांक. शेजारचे, मध्ये बाण असलेले घड्याळासारखे वर्तुळ उत्पादनाचा महिना दाखवते. खरा संकेत त्रिकोणातील ५ आहे आणि त्याखाली पुसट ‘पीपी’ आहे. त्रिकोणाच्या आत सातपेक्षा मोठा आकडा असेल तर मात्र तो अनेकदा प्लास्टिकच नसतो. युरोपीय आयोगाच्या १९९७ च्या निर्णयानुसार कागद, धातू, काच यांनाही क्रमांक आहेत. २१ म्हणजे पन्हळी नसलेला पुठ्ठा, ४१ म्हणजे ॲल्युमिनियम. म्हणून आकड्यापेक्षा त्याखालची अक्षरे अधिक भरवशाची.

आणखी एक सापळा पारदर्शक भांड्यांचा. तळ आतून टिपला तर इंग्रजी २ उलटा होऊन ५ सारखा दिसतो. खात्री करायची तर अक्षरे सरळ वाचता येतात का ते पाहावे. शिवाय तळाचा आकडा तळाच्या पदार्थापुरताच खरा असतो. बाटलीवर १ असला तरी तिचे बूच बहुधा पीपीचे किंवा एचडीपीईचे असते, आणि अंगभर घट्ट बसवलेले वेष्टन तिसऱ्याच पदार्थाचे. ते असेच ठेवले तर वर्गीकरणाचे यंत्र बाटली नव्हे, वेष्टन पाहते.

तेव्हा विनंती अशी की पहिल्या दोन छायाचित्रांखाली ‘दोन्ही पेट, पण बाटली आणि पत्र्याचा डबा वेगळे ठेवावेत; डबा घेतात की नाही हे संबंधित केंद्राला विचारावे’ असा बदल छापावा, तिसऱ्याखाली १२ ऐवजी ५ करावे आणि चौथ्यातील ‘निकृष्ट’ हा शब्द गाळावा. पुढच्या वेळी छायाचित्रकाराने प्रकाश बाजूने, तिरका घेतला तर कोरलेल्या अक्षरांना सावली पडेल आणि त्रिकोणाखालची पुसट अक्षरेही वाचकांना दिसतील.

आपला नम्र,
साचेकामातून निवृत्त झालेला एक वाचक