बाबांचं पत्र वाचलं, त्याबद्दल

ती. आई आणि बाबा यांस,
सा. नमस्कार.

बाबांनी पंचविशीतल्या स्वतःला लिहिलेलं पत्र आईने फोटो काढून पाठवलं. बाबा, तुमची परवानगी घेऊन पाठवलंय असं ती म्हणाली, म्हणून वाचलं. एकदा वाचून ठेवून देण्यासारखं ते नव्हतं. रात्री कागद-पेन्सिल घेऊन बसले आणि त्यातले काही आकडे मांडून पाहिले. ते तुम्हाला कळवावेत, आणि निखिलच्या बाबतीत एक काम सांगावं, म्हणून हे पत्र.

ज्या सवयी लावून घ्यायला हव्या होत्या म्हणून तुम्ही लिहिल्या आहेत, त्यांतल्या बऱ्याच मला मान्य आहेत. पगार हातात आल्याबरोबर आधी बाजूला काढायचं आणि उरलेल्यात घर चालवायचं, हे बरोबर. मित्राला जामीन राहताना आपणच ते कर्ज फेडणार असं धरून सही करायची, हेही बरोबर. विम्याच्या पॉलिसीत बचत शोधायची नाही, यावर तर आपलं पूर्वीच बोलणं झालंय. पण सगळ्यात वजनदार गोष्ट तुम्ही दोन वेगवेगळ्या ठिकाणी दोन-दोन ओळींत लिहून पुढे गेलात. मला ती एकच गोष्ट दिसते.

एका ठिकाणी तुम्ही लिहिलंय, ‘चवथ दरवर्षी येते हे तुला ठाऊक आहे, तरी दरवर्षी ती अचानक आल्यासारखी तू सोसायटीत कर्जाचा अर्ज घेऊन उभा राहतोस.’ आणि खाली, दुसऱ्या पानावर, ‘नोकरी बदलताना पीएफ काढू नकोस, काहीही झालं तरी.’

तुमचं कंपनीतल्या सोसायटीचं जुनं पासबुक आईच्या ट्रंकेत आहे, ते मी मागच्या मे महिन्यात पाहिलं होतं. 1999 च्या ऑगस्टअखेर आठ हजारांचं कर्ज, दहा हप्ते, व्याज बारा टक्के. माटोळीचं सामान, भटजी, सगळ्यांचे कपडे आणि आत्याच्या पहिल्या चवथीचं ओझं, एवढ्यासाठी ते घेतलेलं. मुद्दल महिना आठशे आणि शिल्लक रकमेवर एक टक्का व्याज धरलं तर दहा महिन्यांत व्याज होतं 440 रुपये. म्हणजे कर्ज महाग नव्हतं. त्यामुळेच ते कधी डोळ्यांवर आलं नसावं. जूनमध्ये शेवटचा हप्ता जायचा, जुलै मोकळा, ऑगस्टमध्ये नवा अर्ज. वर्षातले दहा महिने पगार आठ-नऊशे रुपयांनी कमीच हातात यायचा, आणि दुसऱ्या कुठल्या खर्चाला जागा उरायची नाही.

हेच उलट बाजूने करून पाहिलं. बँकेत महिना 640 रुपयांचं बारा महिन्यांचं आवर्ती ठेव खातं, त्या काळचा दर नऊ टक्के धरला, तर भरलेले 7,680 आणि व्याज पावणेचारशेच्या आसपास. आठ हजार पुरे. हप्ता कर्जापेक्षा लहान, आणि सणाला सोसायटीकडे जायची गरज नाही. एवढंच हिशेबात धरलं तर वर्षाला आठशे रुपयांचा फरक. तो फार मोठा नाही आणि त्यासाठी मी हे पत्र लिहिलं नसतं.

खरं नुकसान डिसेंबरात झालं. तुम्ही ती कंपनी सोडून दुसरीकडे निघालात तेव्हा कर्जाचे चार हप्ते गेले होते, 4,800 बाकी होते. सोसायटीचा नियम होता की नोकरी सुटली की सगळी बाकी एकदम भरायची. आई सांगते, नव्या ठिकाणचा पहिला पगार जानेवारीअखेर मिळणार होता आणि घरात दीड महिन्याचा खर्च भागवायचा होता. तुमच्यासमोर पीएफचे दोन फॉर्म होते. तेरा नंबरचा भरला असता तर जुनी शिल्लक नव्या कंपनीच्या खात्यात गेली असती. एकोणीस नंबरचा भरला की पैसे हातात. तुम्ही एकोणीस भरलात, कारण 4,800 रुपये हवे होते. पण फॉर्म 4,800 चा नसतो. साठ हजारांची सगळी शिल्लक आली. त्यातून सोसायटी फिटली, कौलं परतली, शिवणयंत्र आलं आणि पुढच्या दीड-दोन वर्षांत ते पैसे संपले.

ते साठ हजार खात्यातच राहिले असते तर? त्या वर्षी पीएफवर 12 टक्के व्याज होतं, पुढे दर उतरत गेले. मी सरसकट साडेआठ टक्केच धरले, म्हणजे अंदाज हात राखूनच आहे. 2018 ला तुम्ही निवृत्त झालात तोपर्यंतची अठरा वर्षं मोजली तर त्याचे दोन लाख साठ हजार होतात, तेही नवा एक रुपया न घालता. शिवाय पेन्शन. 1995 च्या नोव्हेंबरात कर्मचारी पेन्शन योजना सुरू झाली. त्या कंपनीतली तुमची त्यातली चार वर्षं दहा-सी नंबरच्या फॉर्मवर पैसे घेऊन संपली. पेन्शनचा हिशेब असा की पेन्शनपात्र पगार गुणिले वर्षं, भागिले सत्तर. पगाराची मर्यादा 6,500 धरली तर चार वर्षांचे महिन्याला साधारण 370 रुपये. रक्कम लहान आहे, पण ती तुम्हाला दर महिन्याला मिळाली असती आणि तुमच्यामागे आईला त्यातला भाग.

बाबा, हे तुम्हाला दुखवायला मांडलेलं नाही. शिवणयंत्रावर आईने आमचे शाळेचे गणवेश शिवले, पुढे वाड्यावरच्यांचंही शिवलं. ते पैसे वाया गेले असं मी कधी म्हणणार नाही. मला फक्त ही साखळी दिसली, की सणाच्या लहान कर्जाने मोठी पुंजी फोडली. तुमच्या पत्रातली सवय मी निखिलला सांगेन तेव्हा ‘पीएफ काढू नको’ एवढंच सांगून भागणार नाही. काढायची वेळ जिथून येते तिथूनच सांगावं लागेल.

आता निखिलचं. वेर्ण्याची नोकरी सोडून तो पुढच्या महिन्यात दुसरीकडे रुजू होतोय. त्याला कुणीतरी सांगितलंय की जुना पीएफ काढून गाडीच्या कर्जात भर. बाबा, रविवारी तो घरी आला की तुम्हीच त्याच्याशी बोला. माझं तो ऐकतो, पण तुमचं मनावर घेतो.

त्याने करायचं ते फार नाही. पीएफचा यूएएन नंबर एकच असतो, तोच नव्या कंपनीला द्यायचा, दुसरा काढू द्यायचा नाही. जुन्या कंपनीने त्याची नोकरी सोडल्याची तारीख पोर्टलवर भरली आहे का, हे पाहायचं. ती नसली की बदलीचा अर्ज तिथेच अडकतो. कंपनीने भरलीच नाही तर शेवटची वर्गणी जमा झाल्यावर दोन महिन्यांनी ती स्वतःला भरता येते. नाव आणि जन्मतारीख आधारशी तंतोतंत जुळायला हवी. त्याचं नाव एका ठिकाणी वडिलांच्या नावासह आणि एका ठिकाणी त्याशिवाय आहे, ते आधी दुरुस्त करून घ्यायला सांगा. मग ऑनलाइन बदलीचा अर्ज.

पैसे खरंच गेले का हे पासबुकातच कळतं. जुन्या खात्यात शिल्लक शून्य आणि नव्या खात्यात तेवढीच रक्कम आत आलेली दिसली पाहिजे. यात एका ठिकाणी लोक घाबरतात. नव्या पासबुकात पेन्शनच्या रकान्यात शून्य दिसतं आणि वाटतं, ते पैसे बुडाले. ते बुडत नाहीत. पेन्शनची रक्कम खात्यातून खात्यात फिरत नाही, नोकरीची वर्षं पुढे जोडली जातात. म्हणून पेन्शनसाठी नोकरीच्या इतिहासाच्या पानावर दोन्ही कंपन्या आणि त्यांच्या तारखा आहेत का, ते पाहायचं. आणि पाच वर्षं पूर्ण व्हायच्या आत पीएफ काढला तर तो करपात्र होतो. बदली केली की जुनी वर्षं धरूनच पाच मोजतात. त्याची तीन झाली आहेत, हे त्याला जरूर सांगा.

गाडीचं कर्ज राहू दे. त्याचा हप्ता त्याला झेपतो. त्याला झेपत नाहीत ते वर्षातून एकदा येणारे खर्च. गाडीचा विमा, चवथ, जूनमधली छोटीची फी. तेव्हा तो क्रेडिट कार्ड काढतो. या तिन्हींची बेरीज करून तिला बाराने भागायचं आणि तेवढा हप्ता पगाराच्या दुसऱ्या दिवशी बँकेतून आपोआप जाईल असं करायचं. हे खातं बँकेतच उघडायला सांगा. पोस्टाचं आवर्ती खातं पाच वर्षांचं असतं, ते या कामाचं नाही.

आई, तुझ्यासाठीही हेच सुचवते. तुझ्या नावाच्या पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचं व्याज दर तिमाहीला येतं. आलं की ते घरखर्चात मिसळतं, आणि चवथीला तू बाबांना ठेव मोडायला सांगतेस. गेल्या वर्षी मोडलीच, आणि मुदतीआधी मोडली म्हणून व्याज कमी मिळालं. मावशीकडून तू जो खर्च लिहून घेतलास त्यावरून आपली चवथ तीस हजारांत बसते. बँकेत महिना अडीच हजारांचं बारा महिन्यांचं खातं काढ. फक्त मुदत एक ऑगस्टच्या आत संपेल असं बघ. 2023 साली अधिक श्रावण होता म्हणून चवथ 19 सप्टेंबरला आली, 2025 ला ती 27 ऑगस्टलाच होती. मुदत सप्टेंबरात संपणारी घेतलीस तर एखाद्या वर्षी पैसे गणपती पोचवल्यावर मिळतील.

या वर्षीच्या चवथीला बारा महिने राहिलेले नाहीत, म्हणून पहिल्या वर्षाची तूट मी पाठवते. नाही म्हणू नका. पुढच्या वर्षी लागणार नाही.

बाबा, तुमच्या पत्राची एक प्रत निखिलला वाचायला द्या. त्यात सोसायटीच्या कर्जाची आणि त्या डिसेंबरची हकीकत तुमच्या अक्षरात वाढवून लिहिलीत तर फार बरं होईल. मला ती आईकडून तुकड्या-तुकड्यांनी कळली, त्याला मुळीच ठाऊक नाही. पासबुकाच्या त्या पानाचा फोटोही सोबत ठेवा.

आईच्या गुडघ्याचं काय झालं ते कळवा. म्हापशाच्या डॉक्टरांनी पुढची तारीख दिली असेल तर मी सुट्टी टाकून येते.

तुमची,
वैशाली