हळदीच्या रात्रीची शुगर

कोल्हापूर

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

शनिवारी तुझ्या मित्राची हळद, म्हणजे तुम्ही सगळे जमणार आणि बसणारही. पिऊ नको, असं आई म्हणून सांगतेच. पुढचं वॉर्डातली सिस्टर म्हणून वाच.

मागच्या लग्नसराईत तुझ्याच वयाचा, तुझ्यासारखाच इन्सुलिनवर असलेला एक मुलगा आमच्याकडं आणला होता. रात्री दहापर्यंत ६० एमएलचे तीन पेग, तेही कोल्ड्रिंक घालून. मग डीजेपुढं नाच. मटण नि पांढरा रस्सा भरपूर, भाकरी मात्र चतकोर. साडेअकराला शुगर २४०. ती कोल्ड्रिंकनं चढलेली. यानं ती उतरवायला चार युनिट फास्ट इन्सुलिन घेतलं आणि झोपला. पहाटे अंथरूण घामानं ओलं, हाक मारली तर नुसता गुरगुरतोय. "चढलीय, झोपू दे," म्हणून मित्रांनी तसाच ठेवला. आणला तेव्हा शुगर ३४.

रात्रभर आपण उपाशी असतो तेव्हा लिव्हर रक्तात साखर सोडत राहतं. थोडी साठ्यातली, थोडी नव्यानं तयार केलेली. पोटात दारू असली की लिव्हर तिच्यामागं लागतं आणि नवी साखर करायचं काम मागं पडतं. ६० एमएलचा एक पेग पचायला दोन-तीन तास जातात, म्हणजे तीन पेगांना सकाळच. रात्रीचं लाँग इन्सुलिन तेवढा वेळ आपलं काम करतच असतं. त्यात नाच, त्यात वरची चार युनिटं. म्हणून शुगर पिताना नाही, झोपेत पडते. कधी दुसऱ्या दिवशी दुपारीही.

तेव्हा रिकाम्या पोटी ग्लास हातात घ्यायचा नाही. रश्श्याबरोबर भाकरी-भात नीट खायचा. झोपताना शुगर चढलेली दिसली तरी डॉक्टरांनी पिण्याच्या रात्रीसाठी वेगळं सांगितलं नसेल तर फास्टचा जादा डोस घ्यायचा नाही. लाँग मात्र बंद करायचं नाही. शुगर शंभरच्या आसपास असली तर काहीतरी खाऊनच झोप, आणि तीनचा गजर लाव. ७० च्या खाली दिसली तर तीन चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटांनी परत तपासणी आणि मग बिस्किटं किंवा पोळी. कारण लिव्हर मदतीला नसल्यानं ती पुन्हा घसरते.

तू कितीही हुशार असलास तरी शुद्ध हरपल्यावर तुला काही कळणार नाही. पिल्यावर हात थरथरणं, घाम, बरळणं हे दारूच्याच खात्यात जातं. म्हणून शेजारी झोपणाऱ्या एका तरी पोराला आधी सांग: घाम दिसला की बोट टोचून बघायचं, उठत नसला तर तोंडात काही घालायचं नाही, कुशीवर वळवून १०८ लावायचा.

स्ट्रिप्सची नवी डबी आणि ग्लुकोजची पुडी फ्रीजवर ठेवलीय. जाताना घेऊन जा.

तुझी आई