गुड फ्रायडे, ईस्टर मंडे आणि आपली पन्नास शब्दांची चौकट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातील शंकानिरसनाच्या चौकटीत एका वाचकाच्या प्रश्नाला उत्तर देताना आपण लिहिले आहे की, ‘ख्रिस्ती देशांत ईस्टरनिमित्त शुक्रवार ते सोमवार अशी चार दिवस सुट्टी असते, आपल्याकडे मात्र एकच दिवस मिळते.’ उत्तर पन्नास शब्दांतच द्यायचे, हे आपले बंधन मी समजू शकतो. परंतु याच एका गैरसमजापायी एके काळी मला लेखी दिलगिरी व्यक्त करावी लागली होती, त्यामुळे हे पत्र त्या बंधनात बसणार नाही.

मी एका बँकेच्या परकीय चलन विभागात नोकरी करून निवृत्त झालो. गोष्ट २०१०ची. द्राक्षांचा हंगाम संपत आला होता आणि निफाडकडच्या एका बागायतदारांचे हॉलंडमधल्या रॉटरडॅमहून युरोमध्ये पैसे यायचे होते. तिकडच्या आयातदाराने गुरुवारी, १ एप्रिलला दुपारी उशिरा आपल्या बँकेला पैसे पाठविण्याची सूचना दिली. आमच्याकडे त्या दिवशी वार्षिक हिशेबाची सुट्टी होती आणि दुसऱ्या दिवशी गुड फ्रायडेची. शनिवारी बँक अर्धा दिवस उघडी होती, पण परकीय चलनाचा बाजार बंद होता. सोमवारी, ५ एप्रिलला सकाळी हे गृहस्थ खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले ते पैसे घेऊनच उठायचे या तयारीने.

मी त्यांना सांगितले की शुक्रवारी तिकडे व्यवहार बंद होते आणि आजही बंद आहेत, त्यामुळे पैसे मंगळवारी आमच्या तिकडच्या खात्यात जमा होतील आणि तुम्हाला बुधवारी मिळतील. त्यावर ते म्हणाले, “साहेब, शुक्रवारी त्यांचं ऑफिस चालू होतं, मी स्वतः फोनवर बोललोय. आणि आज सोमवारी कसली सुट्टी? कॅलेंडरात दाखवा मला.” भिंतीवरच्या कॅलेंडरात अर्थातच काही नव्हते. पॅकिंग क्रेडिटचे, म्हणजे निर्यातीसाठी घेतलेल्या कर्जाचे व्याज मात्र रोज चढत होते, तेव्हा बँक आपले पैसे चार दिवस वापरते आहे असा त्यांनी निष्कर्ष काढला आणि तसा अर्ज वरिष्ठांकडे दिला. वरिष्ठांनाही सोमवारचे कोडे सुटले नाही, म्हणून दिलगिरीच्या पत्रावर माझी सही घेण्यात आली.

गंमत अशी की ते बागायतदार खोटे बोलत नव्हते आणि मीही नव्हतो. हॉलंडमध्ये गुड फ्रायडे ही सार्वजनिक सुट्टी नाही, कचेऱ्या बऱ्याच अंशी चालू असतात. ईस्टरनंतरचा सोमवार मात्र तिथे सुट्टीचा असतो. परंतु युरोचे पैसे एका बँकेतून दुसऱ्या बँकेत ज्या यंत्रणेतून जातात, त्या ‘टार्गेट’ला प्रत्येक देशाची वेगळी सुट्टी परवडत नाही. तिचे वेळापत्रक सर्वांना मिळून एकच आहे आणि त्यात शनिवार-रविवार सोडून वर्षाला फक्त सहा दिवस बंद असतात: १ जानेवारी, गुड फ्रायडे, ईस्टरचा सोमवार, १ मे, २५ आणि २६ डिसेंबर. म्हणजे देशाचे कॅलेंडर वेगळे आणि पैशाचे वेगळे. याच्या उलट अमेरिकेत गुड फ्रायडेला न्यूयॉर्कचा शेअर बाजार बंद असतो, पण संघराज्याच्या सुट्ट्यांच्या यादीत तो दिवस नसल्यामुळे डॉलरची मोठी देणीघेणी चालू असतात. सोमवारी तर दोन्ही चालू. आपल्या ‘ख्रिस्ती देशांत’ या दोन शब्दांत हे सगळे कसे बसवायचे, ते आपणच सांगावे.

आता मूळ प्रश्न, की असे का. त्या दिलगिरीच्या पत्रानंतर मी हा विषय हट्टाने वाचला. शुक्रवार आणि सोमवार हे एकाच सणाचे दोन दिवस म्हणून आपण एका दाव्याला बांधतो, पण त्यांची जातकुळीच वेगळी आहे. रोमन कॅथलिक परंपरेत गुड फ्रायडे हा सण नव्हेच. तो उपवासाचा आणि शोकाचा दिवस आहे, त्या दिवशी मिस्सा ही चर्चमधली मुख्य उपासनादेखील होत नाही. आपल्याकडे एकादशीचा उपवास करून माणूस कामावर जातोच, तसे हे. सण म्हणजे काम बंद ठेवून चर्चमध्ये जाणे ज्या दिवशी बंधनकारक, तो दिवस. पोप आठवे अर्बन यांनी १६४२मध्ये अशा बंधनकारक सणांची यादी छाटून पक्की केली, तेव्हा तिच्यात ईस्टर आणि त्यानंतरचे दोन दिवस, म्हणजे सोमवार आणि मंगळवार राहिले. शुक्रवार तिच्यात नव्हता. पुढे मंगळवारही गळाला आणि सोमवार तेवढा उरला. होळीला जशी धुळवड, तसा ईस्टरला हा सोमवार. पोलंडमध्ये तर त्या दिवशी एकमेकांच्या अंगावर अक्षरशः पाणी ओततात. तिथे सोमवारी सुट्टी आहे, शुक्रवारी नाही, आणि इटलीतही नेमके तसेच आहे.

प्रोटेस्टंट पंथांनी हे पारडे फिरवले. संतांचे सण त्यांनी मोडीत काढले, पण ल्यूथरच्या अनुयायांच्या दृष्टीने क्रूसावरचे मरण हाच श्रद्धेचा गाभा असल्यामुळे शुक्रवार हा वर्षातला सर्वांत थोर दिवस ठरला. शेजारी देशांची सीमारेषा कुठून जाते, हे पाहायचे असेल तर फ्रान्सकडे पाहावे. तिथे गुड फ्रायडेला काम असते आणि सोमवारची सुट्टी १८८६च्या कायद्याने दिलेली आहे. परंतु आल्सास आणि मोझेल हा भाग १८७१ ते १९१८ या काळात जर्मनीकडे होता, तो परत मिळाल्यावरही तिथले स्थानिक कायदे फ्रान्सने राहू दिले आणि आजही तिथे गुड फ्रायडेला सुट्टी असते. तीही सरसकट नव्हे, तर ज्या गावात प्रोटेस्टंट प्रार्थनामंदिर किंवा दोन्ही पंथांचे मिळून एक चर्च आहे, त्याच गावात. ऑस्ट्रियाने तर माणसे वाटून घेतली होती. तिथे ही सुट्टी केवळ प्रोटेस्टंट, मेथॉडिस्ट आणि ‘जुने कॅथलिक’ यांनाच असे. इतरांपैकी एकाने त्या दिवशी केलेल्या कामाचा जादा मोबदला मागितला आणि हा भेदभाव आहे, असा निकाल युरोपीय न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये दिला. सरकारने त्यावर काय करावे? ती सुट्टी सर्वांना देण्याऐवजी सर्वांचीच काढून घेतली आणि ज्याला हवी असेल त्याने ती आपल्या हक्काच्या रजेतून घ्यावी, असे ठरविले. सरकारे सगळीकडची सारखीच.

अर्थात कॅथलिक तिथे सोमवार आणि प्रोटेस्टंट तिथे शुक्रवार असे सूत्र छापून आपण मोकळे होऊ नये, कारण पोर्तुगाल कडवा कॅथलिक असूनही तिथे शुक्रवारी सुट्टी आहे आणि सोमवारी नाही. जर्मनीत दोन्ही दिवस आहेत. पंथ हे एक कारण, आणि कायद्याने त्या दिवसाला कोणते नाव दिले, हे दुसरे. माझ्या मते दुसरे अधिक महत्त्वाचे आहे, आणि आपल्या देशापुरते तर तेच निर्णायक आहे.

इंग्लंडमध्ये गुड फ्रायडे आणि नाताळ हे रूढीनेच पाळले जाणारे दिवस होते, त्यासाठी कायदा लागत नसे. सर जॉन लबक या बँकर खासदाराने १८७१मध्ये बँक हॉलिडेचा कायदा आणला, तेव्हा इंग्लंड, वेल्स आणि आयर्लंडच्या यादीत त्यांनी ईस्टरचा सोमवार घातला. स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन चर्चला मुळात ईस्टरच मान्य नव्हता, म्हणून तिथल्या यादीत तो सोमवार नव्हता आणि आजही नाही. उलट रूढीची सुट्टी नसल्यामुळे स्कॉटलंडसाठी गुड फ्रायडे यादीत लिहावा लागला. आयर्लंड स्वतंत्र झाल्यावर तिथे सोमवार टिकला, परंतु गुड फ्रायडे आजही सार्वजनिक सुट्ट्यांत नाही. दारूची दुकाने मात्र २०१७पर्यंत त्या दिवशी कायद्याने बंद असत, त्यामुळे पुष्कळांचा समज सुट्टी असल्याचाच होता.

या दोन प्रकारच्या दिवसांतला फरक हुंडीच्या व्यवहारात दिसत असे. इंग्लंडमध्ये हुंडीची मुदत गुड फ्रायडेला संपली, तर पैसे आदल्या दिवशी, गुरुवारी चुकते करावे लागत. तीच मुदत ईस्टरच्या सोमवारी संपली, तर मंगळवारी दिले तरी चालत. एक दिवस धर्माचा होता आणि दुसरा बँकेचा. आपल्याकडे हुंड्या-धनादेशांविषयीचा १८८१चा परक्राम्य संलेख कायदा झाला, तेव्हा त्याच्या २५व्या कलमात सार्वजनिक सुट्ट्या म्हणून रविवार, नववर्षदिन, नाताळ आणि गुड फ्रायडे यांची नावे लिहिली गेली आणि सुट्टीच्या दिवशी मुदत संपल्यास आदल्या कामाच्या दिवशी पैसे द्यावेत, असा नियम आला. म्हणजे इंग्लंडच्या दोन प्रकारांपैकी आपण पहिलाच उचलला आणि सोमवार तिकडेच राहिला. पुढे ती नावे कायद्यातून गेली आणि सुट्ट्या अधिसूचनेने जाहीर होऊ लागल्या, तरी शुक्रवार टिकला. ‘आपल्याकडे मात्र एकच दिवस मिळते’ या आपल्या वाक्यातली हळहळ म्हणूनच अनाठायी आहे. कोणी आपली सुट्टी कापलेली नाही, ती इथे कधी आलीच नाही.

जाता जाता आणखी एक. ज्या अंकात ही चौकट होती, त्याच अंकाच्या पाचव्या पानावर आमच्या प्रभागातील एका नेत्यांची पाव पान जाहिरात आहे: ‘समस्त ख्रिस्ती बांधवांना गुड फ्रायडेच्या हार्दिक शुभेच्छा’, आणि भोवती फुगे. ज्या दिवशी येशूला क्रूसावर खिळले, त्या दिवसाच्या शुभेच्छा! माझ्या शेजारी वसईचे एक कुटुंब राहते. त्यांच्या आजींनी ते पान मला दाखवले, काही बोलल्या नाहीत आणि घडी घालून परत नेले. नेत्यांना कळत नाही हे मी गृहीत धरतो, पण जाहिरात विभागात ती वाचणारा कोणी तरी असेलच ना? रविवारच्या अंकासाठी हाच मजकूर ‘ईस्टर’ घालून पाठवा, असे त्यांना एका फोनवर सांगता आले असते.

चौकटीतील चुकीची दुरुस्ती आपण छापालच, अशी खात्री आहे. ती मात्र मागच्या वेळेसारखी राशिभविष्याखाली बारीक अक्षरांत नसावी. एक प्रत मला निफाडला पाठवायची आहे आणि ते गृहस्थ आता चष्मा लावूनही जेमतेम वाचतात.

कळावे,
आपला नम्र,
एक निवृत्त बँक कर्मचारी, नाशिक