रंकाळ्याचं ते चित्र मी काढलेलं नाही

मा. केंद्रीय वाणिज्य व उद्योग मंत्री यांस,
सप्रेम नमस्कार.

मी कोल्हापूरचा जलरंगचित्रकार. दिवाळीच्या सुमारास एका कॅलेंडरावर रंकाळ्याचं चित्र दिसलं. पाण्यात कोरा कागद सोडायची माझी सवय, सावलीतला जांभळा, सगळं माझंच. फक्त शालिनी पॅलेसच्या घड्याळाला तीन काटे, आणि उजव्या कोपऱ्यात माझ्या सहीसारखा, पण कुठलंच अक्षर नसलेला फराटा. चित्र एआयनं बनवलेलं होतं. अशी न वाचता येणारी सही ही एआयचं चित्र ओळखायची चांगली खूण आहे. यंत्राला शिकवलेल्या चित्रांत त्या जागी बऱ्याचदा सही असते, म्हणून यंत्रही तिथं काहीतरी गिरवतं.

ते करणाऱ्या पोराला गाठलं. बिचाऱ्यानं लपवलं काही नाही. माझ्या प्रदर्शनांची चोवीस चित्रं इंटरनेटवरून उतरवली, प्रत्येकाखाली वर्णन आणि एक बनावट शब्द लिहिला, गेम खेळायच्या कॉम्प्युटरवर संध्याकाळभर एआयला त्यांवर शिकवलं. तयार झाली एक छोटी फाइल. तिला 'लोरा' म्हणतात. चित्रं बनवणारं मूळ एआय मॉडेल तसंच राहतं, ही फाइल त्याला जोडायची. तो शब्द टाकला की माझा हात उमटतो.

हे सांगायचं कारण आपल्या खात्याच्या समितीचा डिसेंबर 2025 चा मसुदा. एआय कंपन्यांना आमच्या कलाकृतींवर मॉडेल शिकवण्यासाठी सरसकट परवाना द्यायचा आणि त्यांच्या कमाईतून निर्मात्यांना रॉयल्टी, असा त्याचा गाभा. मोठ्या मॉडेलांपुरतं ते ठीक असेल. स्टेबल डिफ्यूजन हे चित्रं बनवणारं मॉडेल ज्या लायन-5बी संग्रहातल्या चित्रांवर शिकलं, त्यात 5.85 अब्ज चित्र-मजकूर जोड्या होत्या. त्यात माझी दोनचार असली तरी वाट्याला काय येणार? पण माझ्या पोटावरची लाथ त्या अब्जांतून आलेली नाही, चोवीस चित्रांतून आलेली आहे. त्या पोराला कमाई म्हणावी अशी नाही, मग रॉयल्टी कशाची? एआयला द्यायच्या सूचनेत, म्हणजे प्रॉम्प्टमध्ये, चित्रकाराचं नाव टाकायला बंदी घातली तरी उपयोग शून्य, कारण इथं माझं नाव लागतच नाही.

शैलीवर मालकी मी मागत नाही. कायदा ती देत नाही आणि देऊही नये. आबालाल रहिमानांची निसर्गचित्रं गिरवतच आम्ही शिकलो. ते 1931 साली गेले, त्यांच्या चित्रांवर आता कुणाचा हक्क उरलेला नाही; त्यांची लोरा कुणी खुशाल करावी. (आबालालांना काय वाटलं असतं, देव जाणे.)

माझं बोट 1957 च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम 14 वर आहे. चित्र इलेक्ट्रॉनिक माध्यमात साठवणं हेही त्यात पुनरुत्पादन धरलं आहे. चोवीस चित्रं उतरवून साठवली, ती पायरी तिथं बसते. तेव्हा अंतिम धोरणात एवढं स्वच्छ लिहा: हयात असलेल्या एकाच कलाकाराची चित्रं वेगळी काढून अशी फाइल करायची असेल, तर सरसकट परवाना चालणार नाही, त्या कलाकाराची लेखी परवानगी लागेल. आणि अशा फाइली ठेवणाऱ्या संकेतस्थळांनी तक्रार आल्यावर त्या उतरवायच्या.

कॅलेंडर मी ठेवून घेतलं आहे. पुरावा म्हणून मागवलंत तर पाठवतो.

आपला,
एक चित्रकार, कोल्हापूर