यादीतलं ते एक अनोळखी नाव

प्रिय अजित,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या गुगल खात्यातल्या उपकरणांच्या यादीचा स्क्रीनशॉट निवांतपणे पाहिला. फोनवर तू म्हणालास की निम्मी यादी अनोळखी आहे. मला विचारशील तर अनोळखी एकच आहे, पण त्या एकाचा बंदोबस्त नीट व्हायला हवा. फोनवर घाईघाईत सांगितलेलं लक्षात राहत नाही, म्हणून सगळं लिहून पाठवतोय. तुझा लॅपटॉप सध्या बंदच ठेव. पुढचं जवळजवळ सगळं फोनवरून कर. कारण खाली येईलच.

आधी यादीबद्दल. तुझा फोन तिथे दोनदा दिसतो, त्याची काळजी नको. त्या पानावर एका उपकरणाची वेगवेगळी लॉगिन वेगळी दिसू शकतात. ॲपमधलं एक, ब्राउझरमधलं दुसरं. कधीही न गेलेल्या शहराचं नाव दिसलं म्हणून तू दचकलास, पण ती जागा इंटरनेटच्या पत्त्यावरून काढलेला अंदाज असतो आणि मोबाइल नेटवर्कवर तो सहज चुकतो. भाच्याला दिलेला जुना फोन अनोळखी नाही, पण त्याचं तिथे आता काही काम नाही. त्यालाही काढ.

राहिलं ते 'Linux'. इथे मी जरा थबकलो होतो. अँड्रॉइड फोनवर क्रोममध्ये 'Desktop site' चालू केलं की फोन स्वतःची ओळख लिनक्स संगणक म्हणून देतो, आणि यादीत भलतंच नाव उमटू शकतं. म्हणून तर तुला ते खोदून खोदून विचारलं. तू ते कधी वापरलं नाहीस, घरात कोणाकडे लिनक्स नाही, आणि त्या ओळीवर शेवटच्या वापराची जी वेळ दिसते तेव्हा तू प्रवासात होतास, फोन बंद होता. तिन्ही गोष्टी जुळल्यावर शंकेला जागा उरत नाही. तो दुसराच कोणीतरी आहे.

तो आत कसा आला? एकतर पासवर्ड त्याच्या हाती लागला, नाहीतर कुकी. तू लॉगिन केल्यावर ब्राउझर एक कुकी जपून ठेवतो, म्हणून दर वेळी पासवर्ड विचारला जात नाही. ती कुकी चोरून दुसऱ्या संगणकावर वापरली, तर चोराला ना पासवर्ड लागतो, ना ओटीपी. गेल्या महिन्यात तू लॅपटॉपवर ते फुकटातलं 'क्रॅक' सॉफ्टवेअर टाकलंस ना, तशा फायलींतून नेमकी हीच चोरी करणारे प्रोग्राम येतात. ते ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्डही उचलतात. यादी बघून कुकी गेली की पासवर्ड हे कळत नाही, तेव्हा दोन्ही गेलं असं धरूनच चालायचं. लॅपटॉप बंद ठेवायला सांगितलं ते याचसाठी. तिथे टाइप केलेला नवा पासवर्डही त्याच वाटेने जाईल.

आता कामाला लाग. पासवर्डला हात लावण्याआधी रिकव्हरीचा ईमेल आणि फोन नंबर तपास. तिथे त्याचा पत्ता असेल तर तू पासवर्ड बदलशील आणि तो 'पासवर्ड विसरलो' म्हणून परत येईल. परका पत्ता दिसला तर लगेच काढ. पण एक ध्यानात ठेव, रिकव्हरीची माहिती बदलली तरी गुगल जुन्या नंबरावर किंवा पत्त्यावर कोड पाठवण्याचा पर्याय ७ दिवस देऊ शकतं. खऱ्या मालकाची त्याने सोय होते, पण परका पत्ता सापडलाच तर तेवढे दिवस डोळ्यांत तेल घालून राहा.

मग पासवर्ड बदल. तो बदलला की बहुतेक ठिकाणचं लॉगिन आपोआप तुटतं, पण सगळीकडचं नाही. म्हणून myaccount.google.com/device-activity उघडून लिनक्स, जुना फोन आणि लॅपटॉपसुद्धा, एकेक करून साइन आउट कर.

बहुतेक लोक इथे थांबतात, आणि घोळ इथेच होतो. तू कधीतरी एखाद्या ॲपला 'ड्राइव्ह पाहू दे' अशी परवानगी दिलेली असतेस. ती परवानगी उपकरणांच्या यादीत दिसत नाही, आणि पासवर्ड बदलला तरी टिकून राहू शकते. आत शिरलेला माणूस स्वतःच्या ॲपला अशी परवानगी देऊन ठेवू शकतो. ती यादी myaccount.google.com/connections वर आहे. ओळखीची नसलेली प्रत्येक नोंद आधी फोटो घेऊन मग काढून टाक. चुकून कामाची निघाली तर पुन्हा जोडता येते.

त्यानंतर जीमेलच्या सेटिंगमध्ये फिल्टर आणि फॉरवर्डिंग पाहा. फोनच्या ॲपमध्ये फिल्टर दिसत नाहीत, म्हणून एवढं काम दुसऱ्या भरवशाच्या संगणकावरून कर आणि झाल्यावर तिथून साइन आउट कर. नव्या लॉगिनची मेल तुला आलीच नाही म्हणतोस. कदाचित ती आली असेल आणि एखाद्या फिल्टरने थेट कचऱ्यात टाकली असेल.

आता टू-स्टेप, म्हणजे पासवर्डनंतरची दुसरी पडताळणी. तुझी एसएमएसवर आहे. त्याऐवजी पासकी घे, म्हणजे फोनच्या लॉकने किंवा बोटाच्या ठशाने लॉगिन करायची सोय, नाहीतर फोनवरच कोड तयार करणारं ऑथेंटिकेटर ॲप. ओटीपी मागणारं खोटं पान कोणी समोर ठेवलं तर तू तो टाइप करशील. पासकी मात्र खऱ्या साइटशीच बांधलेली असते, खोट्या पानावर ती चालतच नाही. फोन हाताशी नसताना वापरायचे बॅकअप कोड नवे काढ, म्हणजे जुने रद्द होतील, आणि कागदावर लिहून ठेव. 'या संगणकावर पुन्हा विचारू नका' असं पूर्वी सांगितलेली उपकरणंही तिथूनच रद्द कर.

त्याने काय काय पाहिलं, हे तू पुन्हा पुन्हा विचारलंस. खरं सांगायचं तर ते पूर्ण कळणार नाही. ड्राइव्हच्या तपशिलात फाइल कोणी बदलली, हलवली, शेअर केली हे दिसतं. नुसती उघडली किंवा उतरवली, हे साध्या खात्यात दिसत नाही. एक जागा मात्र जरूर बघ: takeout.google.com. तिथे सगळ्या डेटाची प्रत मागवली गेली असेल तर त्याची नोंद दिसेल. त्याशिवाय लिंक असलेल्या कोणालाही उघडता येतात अशा फायली शोध. साइन आउटने त्या लिंक बंद होत नाहीत, एकेका फाइलची परवानगी बदलावी लागते. ओळखपत्रांचे स्कॅन आणि पासवर्ड लिहिलेली ती नोंद त्याच्याकडे गेली असं समज. नोंदीतला आणि ब्राउझरमध्ये साठवलेला प्रत्येक पासवर्ड बदल, बँकेपासून सुरुवात कर.

लॅपटॉपबद्दल मी आग्रह धरणार आहे. नुसतं अँटिव्हायरस फिरवून समाधान मानू नकोस. स्वतःची कागदपत्रं आणि फोटो तेवढे बाजूला काढ, सगळं पुसून विंडोज नव्याने टाक, मगच त्यावर लॉगिन कर. वेळ जाईल, पण इतर सगळं करून लॅपटॉप तसाच राहिला तर पुन्हा पहिल्यापासून.

आठवड्याने यादी परत उघड. लिनक्स पुन्हा दिसलं तर काहीही न काढता आधी स्क्रीनशॉट घेऊन मला पाठव. आणि connections च्या पानावर काय सापडलं ते आज रात्रीच कळव; न ओळखलेली नावं असतील तर काढण्याआधी त्यांचाही फोटो घे, आपण एकत्र बसून बघू.

वहिनींना नमस्कार सांग. त्यांच्या खात्याची यादीही याच बैठकीत बघून घे, त्यांनी त्याच लॅपटॉपवर लॉगिन केलेलं आहे.

तुझा,
सुहास