९०० मिलीचा डबा, एक लिटरचा डबा आणि न लिहिलेला दर: ग्राहक व्यवहार मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. केंद्रीय ग्राहक व्यवहार, अन्न व सार्वजनिक वितरण मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय: इंजिन ऑईलच्या प्रत्येक पॅकवर प्रतिलिटर दर छापणे आणि गॅरेजमधल्या सुट्या ऑईलच्या विक्रीला शिस्त लावणे.

महोदय,

मी कराडला गाड्यांच्या स्पेअर पार्टचे दुकान चालवतो. माझ्या गल्ल्याचा बराच भाग इंजिन ऑईलवर चालतो, त्यामुळे खाली जे लिहितो आहे त्यातले काही माझ्याच धंद्याच्या विरुद्ध जाणारे आहे, हे आधीच सांगून टाकतो.

पाकीटबंद मालावर एमआरपीबरोबर एका मापाचा दरही छापायचा, हा नियम आपल्याच खात्याने २०२१ च्या दुरुस्तीने आणला. डब्यावर तो ‘यूएसपी’ या नावाने येतो. नियम चांगला आहे, पण इंजिन ऑईलच्या फळीवर तो अगदी नको तिथे लंगडा पडतो. एक लिटरपेक्षा जास्त माल असेल तर दर लिटरला छापायचा, एक लिटरपेक्षा कमी असेल तर मिलिलिटरला, आणि बरोबर एक लिटर असेल तर छापायचाच नाही, कारण एमआरपी हाच दर. धान्याच्या किंवा शाम्पूच्या बाबतीत याने फारसे बिघडत नसेल. दुचाकीच्या ऑईलमध्ये मात्र ८०० मिली, ९०० मिली आणि एक लिटर हे तिन्ही डबे एकाच फळीवर शेजारी शेजारी उभे असतात.

आता आकडे पाहू. हे आकडे कुठल्या एका कंपनीचे नाहीत, हिशेब दाखवण्यापुरते घेतले आहेत. ९०० मिलीचा एक डबा ३७४ रुपयांचा आहे, त्यावर यूएसपी ०.४२ रुपये प्रति मिली. शेजारी दुसऱ्या कंपनीचा ९०० मिलीचा डबा ३८२ रुपयांचा, त्यावरही ०.४२. तिसरा एक लिटरचा, ४१८ रुपयांचा, त्यावर यूएसपीच नाही. गिऱ्हाईक सहसा पहिला किंवा दुसरा उचलते, कारण चारशेच्या आत आहे. प्रत्यक्षात पहिल्याचा लिटरचा दर ४१५ रुपये ५६ पैसे, दुसऱ्याचा ४२४ रुपये ४४ पैसे. म्हणजे दुसरा डबा एक लिटरच्या डब्यापेक्षा महाग आहे आणि पहिला जेमतेम अडीच रुपयांनी स्वस्त. दोघांमध्ये लिटरमागे जवळजवळ नऊ रुपयांचा फरक असताना छापील दर मात्र एकच. कारण नियमाप्रमाणे दर दोन दशांश स्थळांपर्यंत पूर्ण करायचा असतो, आणि मिलीच्या दरात अर्ध्या पैशाची गोळाबेरीज लिटरला पाच रुपये इकडे किंवा तिकडे करते. यात कंपनीची लबाडी नाही. नियम पाळला म्हणूनच आकडा निरुपयोगी झाला आहे.

शिवाय ज्या गाडीला लिटरभर ऑईल लागते तिच्यात ९०० मिलीचा डबा ओतून भागत नाही, आणि जिला ८०० मिली लागते तिच्यासाठी एक लिटर घेतले तर २०० मिली उरते. खरा दर डब्यात किती आहे यावरून काढून चालत नाही. इंजिनात किती गेले यावरून तो काढावा लागतो. चारचाकीत हा फरक जास्त ठळक दिसतो.

समजा एका छोट्या पेट्रोल गाडीच्या पुस्तिकेत फिल्टर बदलताना ३.१ लिटर ऑईल सांगितले आहे. त्याच ग्रेडचा साडेतीन लिटरचा डबा १६८० रुपयांना मिळतो, म्हणजे छापील दर ४८० रुपये लिटर. एक लिटरचे सुटे डबे ५२० रुपयांना आहेत. चार डबे घेतले तर २०८० रुपये होतात आणि चौथ्या डब्यातले जेमतेम १०० मिली लागते. तेव्हा इथे साडेतीनचाच डबा घ्यावा, यात वाद नाही. प्रश्न आहे तो उरलेल्या ४०० मिलीचा.

ते ऑईल गिऱ्हाइकाने घरी नेले, झाकण घट्ट लावून सावलीत ठेवले आणि पुढे डिपस्टिकवर पातळी उतरली की तेच भरले, तर त्याला लिटर खरोखर ४८० रुपयांनाच पडले. पण बहुतेक वेळा डबा गॅरेजच्या कोपऱ्यात राहतो. मग १६८० रुपयांत ३.१ लिटर मिळाले, म्हणजे दर ५४२ रुपये. लिटरमागे बासष्ट रुपये वाढले, आणि कुणी काही चोरले असेही म्हणता येत नाही. अशा आठ ऑईलबदल्यांत कोपऱ्यात राहिलेले ऑईल ३.२ लिटर भरते, त्यात नवव्या गाडीची पूर्ण बदली होते. तिचे पैसे नवव्या गिऱ्हाइकाकडूनही घेतले जातात की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. माझ्या काउंटरवर मी प्रत्येकाला सांगतो, रिकामा असो वा अर्धा, डबा घेऊन जा. रिकामा डबा चांगल्या स्थितीत मागे राहिला की त्यात भलतेच ऑईल भरून पुन्हा बाजारात येण्याची भीती असते, म्हणून घरी नेल्यावर रिकाम्या डब्याला भोक पाडावे हेही सांगतो. निम्मे लोक हसतात.

मोठ्या पॅकचा मोह इथेच सुरू होतो. वीस लिटरची बादली ८८०० रुपयांना, म्हणजे ४४० रुपये लिटर. या गाडीच्या सहा बदल्या तिच्यात होतात, १८.६ लिटर लागते, १.४ लिटर उरते. उरलेले वाया गेले असे धरले तरी दर ४७३ रुपये. साडेतीनच्या डब्यातले ऑईल नीट वापरले तर पडणाऱ्या दरापेक्षा फक्त सात रुपये कमी. आणि वर्षातून एकदा बदली करणाऱ्या घरच्या गाडीला ही बादली सहा वर्षे पुरते. बंद डबा सावलीत बरीच वर्षे राहतो, पण उघडलेल्या बादलीत दर पावसाळ्यात दमट हवा जाते, धूळ जाते, आणि सहा वर्षांत माणूस गाडीही बदलतो. तीन-चार टॅक्सी किंवा टेम्पो असलेल्याने बादली जरूर घ्यावी, वर्षभरात संपते. घरच्या एका गाडीला ती घेऊन काही हाती लागत नाही.

एमआरपीबद्दल एक गोष्ट थोडक्यात. यूएसपी एमआरपीवर काढलेला असतो, आणि आमच्या धंद्यात एमआरपीला ऑईल क्वचितच विकले जाते. साडेतीन-चार लिटरच्या डब्यावर सूट जास्त सुटते, एक लिटरवर कमी. काही कंपन्या मेकॅनिकसाठी डब्यात कूपन घालतात, त्याची किंमतही शेवटी त्याच एमआरपीतून निघते. तेव्हा छापील दरावर थांबू नका, हातात पडलेल्या बिलाला लिटरने भागा, असे मी सांगतो.

पण ज्याचे बिलच नीट नाही त्याने कशाला भागायचे? माझी मुख्य तक्रार इथे आहे. पंचवीस लिटरपेक्षा मोठ्या पॅकला किरकोळ पॅकिंगचे हे नियम लागू नाहीत. गॅरेजमध्ये उभे असलेले २१० लिटरचे बॅरल त्यात मोडते. बॅरल वापरण्यात काही गैर नाही, उलट ते सगळ्यात स्वस्त पडते. कर धरून ७९,८०० रुपयांचे बॅरल असेल तर लिटर ३८० रुपयांना पडते. हातपंपाने तळातले दोन-तीन लिटर निघत नाही. तीन लिटर राहिले असे धरले तरी दर ३८६ च्या आसपास. गॅरेजवाल्याने ते ४५० ला विकले तर तो त्याचा रास्त नफा आहे, आणि गिऱ्हाइकालाही डब्यापेक्षा स्वस्त पडायला हवे. पडत का नाही? कारण गाडीत ३.१ लिटर जाते आणि बिलावर साडेतीन लिटर लिहिले जाते. साडेतीन गुणिले ४५० म्हणजे १५७५ रुपये, भागिले ३.१, दर झाला ५०८. बॅरलमधले सुटे ऑईल बंद डब्यापेक्षा महाग झाले, आणि त्यातून उरलेले ४०० मिली घरी न्यायचीही सोय नाही, कारण ते कधी बॅरलबाहेर आलेच नाही.

माप कसले, तेही पाहावे. अनेक ठिकाणी ते कान तुटलेले प्लॅस्टिकचे मग असते, त्यावरच्या रेषा पुसलेल्या असतात, किंवा पाण्याची लिटरची बाटली. दुधवाल्याच्या मापावर वैधमापनाचा शिक्का आम्ही पाहतो, दुधापेक्षा कितीतरी महाग असलेल्या ऑईलच्या मापावर तो कुणी मागत नाही. शंका आली तर वजनाने ताडता येते, पण एक किलो म्हणजे एक लिटर हा समज सोडावा लागतो. एक लिटर इंजिन ऑईल साधारण ८४० ते ८८० ग्रॅम भरते. ३.१ लिटर म्हणजे सुमारे २ किलो ७०० ग्रॅम. ऑईल ओतण्याआधी आणि ओतल्यावर मापाचा मग वजनकाट्यावर ठेवला की कळते. मात्र हे गिऱ्हाइकाने गॅरेजमध्ये काटा घेऊन जाऊन करावे, अशी अपेक्षा कुणीच करू नये.

म्हणून आपल्याकडे मागणी अशी की इंजिन ऑईलपुरता यूएसपीचा नियम बदलावा. पॅक ८०० मिलीचा असो, एक लिटरचा असो की वीस लिटरचा, दर नेहमी प्रतिलिटर, पूर्ण रुपयांत आणि एमआरपीच्या शेजारी तितक्याच मोठ्या अक्षरांत छापला जावा. आजच्या नियमात मिलीची सवलत आणि एक लिटरची सूट काढण्यापलीकडे यासाठी फार काही लागणार नाही, आणि कंपन्यांना लेबल बदलायला मुदत द्यावी.

सुट्या ऑईलसाठी बॅरलवर किंवा भिंतीवर कंपनी, ग्रेड आणि लिटरचा दर लिहिलेला फलक असावा, शिक्का असलेले माप असावे आणि बिलावर गाडीत प्रत्यक्ष गेलेले ऑईल दशांशात लिहावे. डब्यातले ऑईल वापरले असेल तर उरलेले किती आणि ते कुणाकडे गेले, याची एक ओळ बिलावर असावी. अंमलबजावणी राज्याच्या वैधमापन यंत्रणेकडे आहे हे मला माहीत आहे. म्हणून या पत्राची प्रत राज्याच्या नियंत्रकांनाही पाठवतो आहे. निरीक्षक आमच्या दुकानांत वर्षातून येतात, डबे उलटेपालटे करून एमआरपी वाचतात. त्याच फेरीत त्यांनी शेजारच्या गॅरेजमधला मगही हातात घेऊन पाहावा.

आपला,
एक ऑईल विक्रेता,
कराड, जि. सातारा