वहिनीच्या डॉपलर रिपोर्टबद्दल

प्रिय मंद्या,

रिपोर्टचा फोटो बघितला. फोनवर तू इतका घाबरलेलास की मी काय सांगितलं ते अर्धं डोक्यावरून गेलं असणार, म्हणून लिहूनच पाठवतोय, वहिनीलाही वाचायला दे.

३० आठवडे आणि वजन ९५० ग्रॅम, म्हणजे बाळ लहान आहेच. पण काही बाळं मुळातच बारीक चणीची असतात आणि काहींना वारेतून पुरेसं मिळत नाही म्हणून वाढ खुंटते, हे नुसत्या वजनावरून कळत नाही, म्हणून नाळेच्या धमनीचा डॉपलर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी. ही धमनी बाळाकडचं रक्त वारेकडे नेते. हृदयाचा ठोका पडला की ग्राफवर टोक वर जातं आणि हृदय सैल पडतं तेव्हाही रक्त पुढे जातच राहायला हवं, कारण चांगल्या वारेतल्या बारीक रक्तवाहिन्या त्याला अडवत नाहीत. वहिनीच्या ग्राफमध्ये मात्र दोन टोकांच्या मध्ये रेघ तळाला टेकलीय बघ, त्यालाच 'अ‍ॅब्सेंट' लिहिलंय. वारेतल्या बऱ्याच बारीक वाहिन्या बंद पडल्यात, रेझिस्टन्स वाढलाय. अजून बिघडलं तर तेवढ्या वेळात रक्त उलटं बाळाकडे येतं आणि ग्राफ रेघेच्या खाली उतरतो, ते 'रिव्हर्स्ड', आणि ते जास्त वाईट.

एक गोष्ट नक्की विचार, हे दुसऱ्यांदा बघितलं का? मशीनचा वॉल फिल्टर जास्त ठेवला तर मंद प्रवाह दिसतच नाही आणि खोटा अ‍ॅब्सेंट येतो, शिवाय बाळ पोटात श्वासाच्या हालचाली करत असलं तरी ग्राफ वेडावाकडा होतो. म्हणून बाळ शांत असताना, नाळेच्या मोकळ्या भागात, फिल्टर कमी करून परत बघतात.

खरंच अ‍ॅब्सेंट असेल तरी आजच सिझर असं नसतं रे. ३० आठवड्यांच्या बाळाला पोटातला प्रत्येक दिवस कामाचा, पण पोटात अचानक दगावायचा धोकाही खरा, डॉक्टर या दोन्हींचा हिशोब करत बसलेले असतात. म्हणून अ‍ॅडमिट करून घेतील, रोज ठोक्यांची पट्टी काढतील, दोन-तीन दिवसांनी डॉपलर आणि त्यात डक्टस व्हिनोसस नावाची शीरही बघतील, ती बिघडली की बाळाचं हृदय थकतंय. वहिनीचं बीपी आणि लघवीतलं प्रोटीनही बघत राहतील, कारण वार अशी असली की प्रीएक्लॅम्प्सिया, म्हणजे गरोदरपणात बीपी वाढायचा आजार, बऱ्याचदा सोबत येतो. बाळाच्या फुफ्फुसांसाठी वहिनीला स्टिरॉइडची इंजेक्शनं, बहुतेक बीटामेथासोन १२ मिलिग्रॅम, २४ तासांच्या अंतराने दोन, आणि ३२ आठवड्यांच्या आत डिलिव्हरी करायची ठरली तर बाळाच्या मेंदूसाठी मॅग्नेशियम सल्फेट. बाकी सगळं ठीक राहिलं तर अ‍ॅब्सेंटला साधारण ३२ ते ३४ आठवड्यांपर्यंत थांबतात, रिव्हर्स्ड झालं तर ३० ते ३२ मध्येच काढतात. ठोक्यांची पट्टी बिघडली तर मात्र आठवडे मोजत कुणी बसत नाही. आणि नॉर्मल डिलिव्हरीचा हट्ट धरू नका, कळांमध्ये वारेचा पुरवठा अजून कमी होतो, असं बाळ ते सहसा झेपवत नाही.

तिथल्या एनआयसीयूत एक किलोच्या आतली बाळं सांभाळतात का ते आजच विचार. नसतील तर वहिनीला आत्ताच हलवा, बाळ पोटात असताना हलवणं कधीही बरं. पुढचा ग्राफ आला की लगेच फोटो पाठव, रात्री कितीही वाजले असले तरी.

तुझा,
अभ्या